दोरीवरून जाणारा चेंडू

संध्याकाळी शाळेच्या बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं, की तीच चार-पाच वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर पडतात. ‘कोपर आत घे.’ ‘गुडघ्यात वाक.’ ‘मनगट सोड.’ ‘हात वरच धरून ठेव.’ यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. चांगला शूटर पाहिला तर त्याचं कोपर रिंगच्या रेषेत असतं, गुडघे वाकून सरळ होतात, मनगट शेवटी खाली झुकतं. प्रशिक्षक जे बघतात तेच सांगतात. पण सूचना खरी असणं वेगळं आणि ती ऐकून मुलाचा शॉट सुधारणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर किती आहे, याचा शोध गेली पंचवीसेक वर्षं हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ घेत आहेत. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे. चेंडू हातातून सुटत असताना खेळणाऱ्याचं लक्ष कुठे असावं? स्वतःच्या अंगावर की अंगाबाहेर?

‘कोपर आत घे’ ही सूचना लक्ष अंगाकडे नेते. ‘चेंडू रिंगच्या मागच्या कडेवरून आत पडू दे’ ही सूचना तेच लक्ष बाहेर, चेंडूच्या वाटेवर आणि रिंगवर नेते. दोन्ही सूचना एकाच शॉटबद्दल आहेत आणि दोन्हींचा हेतूही एकच असू शकतो. फरक एवढाच, की पहिलीत हालचाल सांगितली आहे आणि दुसरीत त्या हालचालीने काय घडायला हवं ते.

या संशोधनाची सुरुवात बास्केटबॉलपासून झाली नाही. गाब्रिएले वुल्फ या जर्मन संशोधिका विंडसर्फिंगमधलं एक अवघड वळण शिकत होत्या. पाय कसे ठेवायचे, भार कुठे टाकायचा याचा विचार करत असताना ते जमत नव्हतं. मग त्यांनी लक्ष पायांवरून काढून पायाखालची फळी कशी कलते आहे तिकडे नेलं, आणि वळण जमू लागलं. हा अनुभव त्यांनी प्रयोगशाळेत नेला. १९९८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना स्कीइंगसारखं डावी-उजवीकडे झुलणाऱ्या, चाकं लावलेल्या एका पाटावर उभं केलं. एका गटाला सांगितलं, बाहेरच्या पायाने जोर द्या. दुसऱ्याला सांगितलं, बाहेरच्या चाकांवर जोर द्या. चाकं पायांच्या अगदी खालीच होती, म्हणजे दोन सूचनांमध्ये फरक असा काही नव्हताच. तरीही चाकांचा विचार करणाऱ्यांनी ती कला अधिक चांगली आत्मसात केली. तिसऱ्या एका गटाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पायांचा विचार करणारा गट त्या गटाच्याही पुढे गेला नाही. मला या प्रयोगातली ही गोष्ट सर्वात बोलकी वाटते. अंगाबद्दल दिलेली बरोबर सूचना आणि काहीच न सांगणं, यांत फरक पडला नव्हता.

बास्केटबॉलकडे हा प्रश्न लवकरच आला. फ्री थ्रो हा शॉट संशोधकांच्या दृष्टीने आदर्श आहे. अंतर ठरलेलं, अडवायला समोर कुणी नाही, प्रत्येक शॉट मोजता येतो. वुल्फ पुढे अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगासमधल्या शाखेत गेल्या. तिथल्या एका प्रयोगाचा लेख २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणाऱ्यांनी काही फ्री थ्रो मनगटाच्या झटक्याकडे लक्ष देऊन मारले आणि काही रिंगकडे लक्ष देऊन. त्यांच्या हातांवर स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजणारे इलेक्ट्रोड चिकटवले होते. रिंगकडे लक्ष असताना शॉट जास्त अचूक होते, हे अपेक्षितच होतं. पण त्याच वेळी दंडाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंतली विद्युत हालचाल कमी होती. मनगटाचा विचार करताना तो शॉट मारायला हाताला जास्त राबावं लागत होतं, आणि निकाल मात्र कमी चांगला येत होता. लक्ष मनगटावर होतं, पण ताण वाढला दंडात. म्हणजे अंगाच्या एका भागाकडे लक्ष दिलं की त्याचा परिणाम तेवढ्या भागापुरता राहत नाही.

असं का होत असावं? शॉट मारताना काय घडतं ते आधी बघायला हवं. पाय जमिनीला रेटतात, तो जोर कमरेतून खांद्याकडे येतो, कोपर उलगडतं, मनगट झुकतं, आणि शेवटी बोटांच्या टोकांवरून चेंडू सुटतो. हे सगळं जवळपास एका सेकंदात आटोपतं. कसलेला शूटर प्रत्येक वेळी हीच साखळी हुबेहूब तशीच करतो, असा आपला समज असतो. पण कॅमेऱ्याने मोजमाप केल्यावर वेगळं दिसलं. चांगल्या शूटरचेही दोन शॉट तंतोतंत सारखे नसतात. एखाद्या वेळी कोपर थोडं लवकर उलगडतं, तर मनगट त्याच शॉटमध्ये ती कसर भरून काढतं. सांधे एकमेकांना सांभाळून घेतात आणि चेंडू मात्र दर वेळी जवळपास त्याच कोनात, त्याच वेगाने सुटतो. ही देवाणघेवाण विचार करून होत नाही, तेवढा वेळच नसतो. आता या साखळीतल्या एका सांध्याला आपण हुकूम दिला, ‘तू असाच वाकायचं’, की तो सांधा घट्ट धरला जातो. मग बाकीच्यांची चूक सांभाळून घ्यायला तो मोकळा राहत नाही.

वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार २००१ मध्ये मांडला आणि त्याची एक सुरेख चाचणीही घेतली. लोक डगमगणाऱ्या पाटावर तोल सांभाळत उभे होते. मधूनच आवाज व्हायचा, आणि तो ऐकताच हातातलं बटण दाबायचं होतं. पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पाटावरच्या खुणांकडे लक्ष देणाऱ्यांनी बटण लवकर दाबलं. म्हणजे तोल सांभाळण्याच्या कामात त्यांचं डोकं कमी गुंतलेलं होतं. त्यांच्या पाटाच्या हालचालीही लहान-लहान आणि वारंवार होत्या. शरीर स्वतःच, न विचारता, सारखी बारीक दुरुस्ती करत होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण प्रशिक्षकांशी बोलताना तो हमखास निघतो. ‘आम्ही मुलांना रिंगकडे बघायला सांगतोच की!’ बघणं आणि लक्ष देणं वेगळं. फ्री थ्रो मारणारा जवळपास प्रत्येकजण रिंगकडेच बघत असतो, कोपराकडे बघत कुणी शॉट मारत नाही. नजरेचंही स्वतःचं महत्त्व आहे. जोन व्हिकर्स या कॅनडातल्या संशोधिकेने १९९६ मध्ये दाखवलं होतं, की फ्री थ्रोमध्ये चांगल्या खेळाडूंची नजर शॉट सुरू होण्याआधी रिंगवर जास्त वेळ स्थिर असते. पण डोळे रिंगवर आणि मन कोपरावर, अशी अवस्था अगदी सहज होऊ शकते. ‘कोपर आत घे’ ऐकलेल्या मुलाची बहुधा तीच होते. ती बाहेरून दिसत नाही. ती कळायची एकच वाट म्हणजे विचारणं. दहा शॉट झाल्यावर जवळ जाऊन ‘आत्ता मारताना काय डोक्यात होतं गं?’ असं विचारलं की मुलं खरं सांगतात. बऱ्याचदा ते आपण दिलेल्या सूचनेपेक्षा भलतंच असतं.

आता एक उदाहरण सविस्तर बघू. अकरा-बारा वर्षांची मुलगी आहे, उंची साधारण १४० सेंटिमीटर. मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटर उंचीवर, पाच नंबरचा चेंडू, आणि ती बोर्डापासून चार मीटरवर उभी आहे. तिचे बहुतेक शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येतात. दिशा ठीक आहे, चेंडू डावी-उजवीकडे फारसा जात नाही. बाजूने पाहिलं तर चेंडू छातीपासून पुढे ढकलला जातो आणि सपाट जातो. कोर्टाच्या कडेवरून येणारं नेहमीचं वाक्य अशा वेळी ठरलेलं असतं: ‘कोपर वर, आणि जोर लाव.’

या वाक्याचा दुसरा भाग तर चुकीचाच आहे. थोडं गणित करून बघा. चेंडू तिच्या हातातून सुमारे १.६ मीटर उंचीवर सुटतो असं धरू. रिंगचा मध्य तिच्यापासून सुमारे ३.६ मीटर दूर आहे. तिने चेंडू ४५ अंशांत मारला आणि अंतर बरोबर साधलं, तर तो रिंगपाशी येताना फक्त २४ अंशांनी खाली उतरत असेल. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर आहे, पण इतक्या तिरक्या वाटेने येणाऱ्या चेंडूसाठी ती फट १८ सेंटिमीटरच उरते. पाच नंबरचा चेंडू सुमारे २२ सेंटिमीटरचा. तो कडेला न लागता आत जाणं शक्यच नाही. तोच चेंडू ५५ अंशांत सुटला, तर ४१ अंशांनी खाली येतो आणि फट सुमारे ३० सेंटिमीटरची होते. आता जागा आहे. आणि गंमत म्हणजे या उंच शॉटला जास्त वेग लागत नाही. ४५ अंशांच्या शॉटला सेकंदाला सात मीटर वेग लागतो, ५५ अंशांच्या शॉटला किंचित कमीच. ‘वर मारायला ताकद लागते’ हे तिला वाटतं, तिच्या पालकांना वाटतं, पुष्कळ प्रशिक्षकांनाही वाटतं. या अंतरावर तरी ते खरं नाही.

म्हणजे बदलायला हवी ती चेंडूची वाट. ती तिला कोपरातून सांगता येते किंवा थेट वाटच दाखवता येते. दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली सुतळी, तिच्यापासून सव्वादोन मीटरवर, जमिनीपासून तीन मीटर उंच. वरच्याच आकड्यांनी पाहिलं तर ५५ अंशांचा चेंडू त्या जागी सुतळीच्या थोडा वरून जातो, आणि ४५ अंशांचा खालून. सूचना एकच शब्दाची: ‘दोरीवरून.’ कोपर, खांदा, गुडघा यांतलं काहीही बोलायचं नाही.

पहिले काही शॉट बहुधा विचित्र जातात. चेंडू दोरीवरून जातो खरा, पण सरळ बोर्डाच्या वरच्या कडेला किंवा रिंगच्या खूप अलीकडे पडतो. इथे प्रशिक्षकाची परीक्षा असते. गप्प राहायचं. दोरी पार केल्यावर अंतर जुळवणं हे काम तिचं शरीर चेंडू कुठे पडला ते बघून करतं. दर शॉटनंतर बोललं तर त्या बघण्यात आपण ढवळाढवळ करतो. पाच-सहा शॉट झाले की एकदा ‘दोरीवरून’ आठवण करून द्यायची, तेवढंच पुरे.

आणि प्रशिक्षकाने स्वतः कुठे बघायचं? तिच्या कोपराकडेच. छातीपासून ढकललेला चेंडू दोरीवरून नेणं अवघड असतं, म्हणून चेंडू हळूहळू कपाळापाशी येतो, कोपर चेंडूच्या खाली येतं, गुडघे जास्त वाकतात. कुणी न सांगता. अंगाचं ज्ञान टाकून द्यायचं नाही, ते प्रशिक्षकाच्या डोळ्यांत राहू द्यायचं. मुलीच्या कानांपर्यंत ते चेंडूच्या वाटेच्या रूपात पोचलं की झालं. मला या सगळ्या विषयाचा गाभा इथेच दिसतो. बाहेरची सूचना देणारा प्रशिक्षक अंगाबद्दल कमी जाणतो, असा आरोप कधी कधी होतो. खरं तर त्याला जास्त जाणावं लागतं. कोणत्या चुकीला कोणती वाट दाखवली की ती चूक आपोआप सुटेल, हे त्याला आधी शोधून काढावं लागतं.

एखादी मुलगी दोरी पार करताना पाठीत मागे झुकू लागली, किंवा चेंडू दोन्ही हातांनी कमरेपासून भिरकावू लागली, तर तिथे शब्द बदलून काही होणार नाही. रिंग तिच्यासाठी उंच आहे किंवा अंतर जास्त आहे. तिला एक मीटर पुढे घ्या आणि दोरीही त्या हिशेबाने सरकवा. माझ्या मते आपल्याकडे सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. बऱ्याच शाळांत एकच कोर्ट आणि मोठ्यांच्या उंचीचीच ३.०५ मीटरची रिंग असते. दहा वर्षांची मुलं त्याच रिंगवर चेंडू भिरकावतात आणि मग त्यांना दोन वर्षं ‘कोपर आत, कोपर आत’ ऐकावं लागतं.

चेंडू आडवा भरकटत असेल तर दोरीचा उपयोग नाही. त्यासाठी चेंडूभोवती मधोमध रंगीत चिकटपट्टी गुंडाळायची आणि पट्टी उभी, रिंगच्या दिशेने धरायची. सूचना: ‘पट्टी सरळ फिरू दे.’ शॉट नीट सुटला तर हवेत ती पट्टी एक स्पष्ट उभी रेघ दिसते, मागच्या बाजूला फिरणारी. आधाराच्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलत असेल, किंवा शेवटचं बोट बाजूला निसटत असेल, तर तीच पट्टी लडबडते आणि रेघेऐवजी रंगाचा धुरकट पट्टा दिसतो. मुलाला स्वतःला ते दिसतं, कुणी सांगावं लागत नाही. ‘मनगट सोड’ आणि ‘डावा अंगठा लावू नकोस’ या दोन्ही सूचना त्या एका पट्टीत येतात. हीच खूण हातातून चेंडू सुटल्यानंतरही दिसत राहते, म्हणून ती शब्दांपेक्षा जास्त शिकवते.

हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये असाच आणखी एक मार्ग तपासला. शिकणाऱ्यांच्या एका गटाला त्यांनी शॉटच्या तंत्राचे नियम दिले. दुसऱ्याला फक्त एक चित्र दिलं: उंच फळीवरच्या बरणीत बिस्किटं ठेवतोय असा चेंडू टाका. चित्र मिळालेल्यांनी शॉट तितकाच शिकला, आणि डोक्यावर दुसऱ्या कामाचा भार आला तेव्हा त्यांचा शॉट टिकून राहिला. नियम पाठ केलेल्यांचा घसरला. मराठी घरातल्या मुलाला ‘वरच्या फळीवरच्या डब्यात लाडू ठेवतोस तसा’ असं सांगितलं तर हात कुठपर्यंत जातो आणि मनगट शेवटी कसं झुकतं, हे त्याच्या हाताला आधीच ठाऊक असतं.

आता शिकणं झालं की नाही, ते कसं ओळखायचं? दोरी लावलेली असताना, सर जवळ उभे असताना शॉट पडले, तर ते त्या वेळचं प्रदर्शन झालं. हालचालींच्या अभ्यासात खरी परीक्षा एक-दोन दिवसांनी, सूचना न देता घेतात. मुलीच्या बाबतीत ते सोपं आहे. दोन दिवसांनी दोरी न लावता, काही न बोलता वीस शॉट मारायला लावा आणि कागदावर फक्त चार खुणा करा: पुढची कडा, मागची कडा, बाजू, आत. पहिल्या दिवशी पुढच्या कडेवर लागलेले शॉट आता मागच्या कडेवर लागत असतील, तर तिची वाट बदलली आहे, मग गुण अजून वाढले नसले तरी. सगळे पुन्हा पुढच्याच कडेवर असतील, तर ती दोरीच्या आधारावर चालत होती. पुन्हा दोरी लावा, आणि पुढच्या वेळी थोड्या शॉटनंतरच काढून टाका. दोरी निघाल्यावर सूचना ‘चेंडू वरून रिंगमध्ये उतरू दे’ अशी होते. २००३ मधल्या तोलाच्या प्रयोगात पायांपासून दूरच्या खुणांकडे लक्ष देणाऱ्यांनी जवळच्या खुणांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा चांगला तोल सांभाळला होता. म्हणून दोरीकडून रिंगकडे लक्ष सरकवणं योग्य वाटतं.

हे सगळं इतकं पटण्यासारखं असताना प्रशिक्षक अंगाबद्दलच का बोलत राहतात? अमेरिकेतल्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धेतल्या काही खेळाडूंना विचारलं, तर जवळपास ८५ टक्क्यांनी सांगितलं की त्यांचे प्रशिक्षक सूचना देतात त्या अंगाच्या हालचालींबद्दल. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ही पाहणी होती लहानच, तरी तो आकडा ओळखीचा वाटतो. शिकवणाऱ्याला चूक दिसते ती अंगात, आणि जिथे दिसते तिथलंच नाव तोंडात येतं. शिवाय तो स्वतः तसाच शिकलेला असतो.

तरीही बाहेरचं लक्ष म्हणजे रामबाण उपाय आहे असं मी म्हणणार नाही, आणि पुरावाही तसं म्हणू देत नाही. २०२१ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडून काही संशोधकांनी, त्यात वुल्फही होत्या, बाहेरचं लक्ष सगळीकडे सरस ठरतं असा निष्कर्ष काढला. त्यानंतर २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच साठा पुन्हा तपासला. त्यांचं म्हणणं, अनुकूल निकाल लागलेले प्रयोग जास्त छापले जातात आणि प्रतिकूल निकालांचे कपाटात राहतात. ही तूट भरून काढली तर उरणारा फरक फारच लहान आहे, कदाचित नाहीसाच. हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत असं, की एका शब्दाने शॉट पालटतो ही अपेक्षा सोडायला हवी. पण दोरी आणि पट्टी यांचा फायदा लक्षाच्या सिद्धान्तावरच अवलंबून नाही. त्या मुलाला स्वतःच्या शॉटचा निकाल स्पष्ट दाखवतात, आणि तो फायदा त्यांच्यासोबत राहतोच.

अंगाची सूचना कुठे द्यावी, तेही सांगायला हवं. शॉट सुरू होण्याआधी, स्थिर उभं असताना. पाय खांद्याइतके रुंद ठेवणं, आधाराचा हात चेंडूच्या बाजूला नुसता टेकवणं, बोटं पसरणं, हे सरळ अंगाच्या शब्दांत सांगितलेलं बरं. तिथे घाई नसते, हालचाल चालू नसते, सांध्यांची ती देवाणघेवाण अजून सुरू व्हायची असते. पाय जमिनीला रेटू लागले की मात्र अंगाचं नाव काढू नये. खांदा दुखत असेल किंवा गुडघा आत वळत असेल तर अर्थातच थांबवून अंगाबद्दलच बोलायला हवं. तिथे बास्केट पडणं दुय्यम आहे.

आणि एक अपवाद, जो प्रौढ खेळाडूंच्या प्रशिक्षकांनी नीट समजून घ्यावा. जर्मनीतल्या दोन संशोधकांनी कुशल बास्केटबॉलपटूंचे फ्री थ्रो तपासले आणि ते २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी आधी प्रत्येकाला विचारून घेतलं, की शॉट मारताना तुमचं लक्ष नेहमी कुठे असतं. मग सवयीच्या जागी लक्ष देऊन आणि अनोळखी जागी लक्ष देऊन मारलेले शॉट तपासले. सवयीचं लक्ष असताना शॉट चांगले पडले, अनोळखी लक्ष असताना बिघडले, मग ते लक्ष अंगावरचं असो की बाहेरचं. दहा वर्षं मनगटाच्या झटक्याचा विचार करत फ्री थ्रो मारणारा खेळाडू असेल, तर सामना तोंडावर असताना त्याला ‘रिंगचाच विचार कर’ असं सांगणं म्हणजे त्याची घडी विस्कटणं. त्याच्यासाठी बदल करायचाच असेल तर तो हंगाम संपल्यावर, सरावात, आणि त्याला आधी विचारून. अकरा वर्षांच्या मुलीची अशी सवय अजून बनलेली नसते. म्हणून तिच्या बाबतीत पहिली सूचना कोणती द्यायची, याचा विचार तिच्या हातात चेंडू देण्याआधी व्हायला हवा.